‘पेशकश’ आणि ‘काबेल नदारद’ : इराणी तआरोफचे इंग्रजी भाषांतर आणि पाहुण्याचा अर्थबोध

प्रस्तावना

इराणी समाजात यजमान आणि पाहुणा, दुकानदार आणि गिऱ्हाईक, वडीलधारा आणि धाकटा यांच्यामध्ये देऊ करणे, नाकारणे आणि पुन्हा आग्रह करणे यांची जी शिष्टसंमत देवघेव चालते, तिला फार्सीत ‘तआरोफ’ अशी संज्ञा आहे. हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा धात्वर्थ ‘एकमेकांना ओळखणे’ असा आहे. मराठीतील ‘मार्फत’ आणि ‘तारीफ’ हे शब्दही त्याच धातूपासून आलेले आहेत. उर्दूमध्ये ‘तआरुफ’ म्हणजे केवळ परिचय. इराणात मात्र या शब्दाने परस्परांचा मान ओळखून त्यानुसार बोलण्या-वागण्याची संपूर्ण रीत सूचित होते.

या रीतीचे वैशिष्ट्य असे की, तीत उच्चारलेल्या वाक्याचा शब्दार्थ आणि त्या वाक्याने साधलेले कार्य यांत अंतर असते. ‘घर आपलेच आहे’, ‘ही वस्तू आपणांस अर्पण’, ‘पैशांचे काय एवढे’ ही वाक्ये ऐकणाऱ्या इराणी माणसाला त्यांतून नेमके काय घ्यावे हे सहज उमगते. परकीय पाहुण्याला ते उमगत नाही आणि दुभाष्याने शब्दशः भाषांतर केल्यास त्याचा गोंधळ वाढतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांचा इराणी दरबाराशी निकटचा संबंध आला, तेव्हापासून हा प्रश्न इंग्रजी लेखनात वारंवार उपस्थित झालेला दिसतो. तो कसा हाताळला गेला, त्यात कोठे चूक झाली आणि त्या चुकीतून इराणी माणसाच्या स्वभावाविषयी कोणता ग्रह रूढ झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिंदुस्थानातील फार्सी आणि इराणातील फार्सी

कंपनी सरकारचा कॅप्टन जॉन माल्कम हा १७९९ च्या अखेरीस मुंबई बंदरातून निघाला आणि १८०० च्या प्रारंभी इराणच्या आखातातील बुशहर येथे उतरला. हाच माल्कम पुढे १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना फार्सी येत होती, परंतु ती हिंदुस्थानात शिकलेली फार्सी होती. त्या काळी फार्सी ही कंपनीच्या कारभाराची भाषा होती. १८३७ पर्यंत ती टिकून राहिली. अधिकारी मुन्शीच्या हाताखाली सादीचे ‘गुलिस्तान’ वाचत, पत्रलेखनाचे मायने गिरवीत आणि दफ्तरातील कागद वाचण्याइतके प्रावीण्य मिळवीत. पुस्तकी आणि दफ्तरी भाषेवर त्यांची पकड चांगली असे. इराणी घराच्या उंबरठ्यावर, खानसाम्याच्या तबकासमोर किंवा घोड्याच्या लगामाशी उभे राहून जी फार्सी बोलली जाई, तिचे शिक्षण मात्र मुन्शीकडे मिळत नव्हते.

यातून एक विशेष अडचण निर्माण झाली. शब्द ओळखीचे असल्याने त्यांचा अर्थही ओळखीचाच आहे, असा समज होई. ‘पेशकश’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. दख्खनच्या कागदपत्रांत पेशकश म्हणजे वरिष्ठ सत्तेला द्यावयाची खंडणी किंवा नजराणा. मराठी दफ्तरांचा अभ्यास करणाऱ्यास तो परिचित आहे. त्यात ऐच्छिक असे फारसे काही नाही. पेशकश थकली तर फौज चालून येई. हा अर्थ मनात घेऊन इराणात गेलेल्या इंग्रजाला तोच शब्द एखाद्या खानाच्या तबेल्यात ऐकू येई. त्याने घोड्याची प्रशंसा करावी आणि खानाने छातीवर हात ठेवून ‘पेशकशे शोमा’, म्हणजे ‘आपणांस पेशकश’, असे म्हणावे. खान घोडा देत आहे की केवळ बोलत आहे? एकोणिसाव्या शतकातील प्रवासवर्णनांत हा प्रसंग वेगवेगळ्या वस्तूंच्या संदर्भात पुनःपुन्हा आढळतो.

एका शब्दाचे तीन व्यवहार

काजार राजवटीतील देण्याघेण्याची उतरंड लक्षात घेतली, तर या शब्दाचा उलगडा होतो. खालच्याने वरच्याला जे द्यावयाचे ती पेशकश आणि वरच्याने खालच्याला जे द्यावयाचे तो इनाम किंवा खिलत. प्रांताचा सुभेदार शहाला पेशकश पाठवी आणि शहा सुभेदाराला मानाचा पोशाख देई. म्हणजेच हा शब्द केवळ वस्तूचे नाव सांगत नाही. देणारा कोठे उभा आहे आणि घेणारा कोठे, हेही तो सांगतो.

खान जेव्हा पाहुण्याला ‘पेशकशे शोमा’ म्हणतो, तेव्हा तो घोडा पाहुण्याच्या हवाली करीत नसतो. तो स्वतःला एक पायरी खाली आणि पाहुण्याला एक पायरी वर ठेवीत असतो. त्या वाक्यातून दिला जातो तो मान, आणि तो खराखुरा दिला जातो. पाहुण्यानेही तसेच करून खानाला त्याच्या जागी पुन्हा बसवावयाचे असते. त्यासाठी ‘मोबारके साहेबश बाशद’, म्हणजे ‘ज्याची वस्तू त्यालाच ती लाभो’, असे एक ठरलेले उत्तर आहे. मुबारक आणि साहेब हे दोन्ही शब्द मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचे असल्याने त्या उत्तराची चाल त्यास सहज कळेल. ते दिले की व्यवहार पूर्ण होतो. घोडा तबेल्यातच राहतो आणि दोघांचाही मान वाढलेला असतो.

याच शब्दाचा दुसरा व्यवहार मात्र खरा आहे. पाहुणा गावात उतरला म्हणजे स्थानिक अधिकाऱ्याकडून त्याच्या बिऱ्हाडी मिठाईची, फळांची किंवा साखरेच्या ढेपांची तबके येत. त्यांनाही पेशकश असेच म्हणत. ही तबके परत करणे हा अपमान ठरे. शिवाय ती आणणाऱ्या नोकरांना सढळ हाताने बक्षिशी द्यावी लागे, ती कित्येकदा मिठाईच्या किमतीहून अधिक भरे आणि पाठविणाऱ्यालाही तिचा अंदाज असे. या भेटीला ‘फुकटची’ समजणारा इंग्रज दुसऱ्याच मुक्कामावर शहाणा होई. तिसरा व्यवहार शाही पेशकशीचा. ती देणे सक्तीचे असे आणि तिची रक्कमही बहुधा ठरलेली असे.

इंग्रजी दुभाष्यांनी या तिन्ही ठिकाणी बहुधा एकच शब्द वापरला, ‘प्रेझेंट’. त्यामुळे घोड्याच्या बाबतीत खान खोटे बोलला असे वाटले, मिठाईच्या बाबतीत तो लोभी वाटला आणि शाही पेशकशीच्या बाबतीत सारा कारभारच लाचखाऊ वाटला. वास्तविक या तिन्हींतील फरक ओळखण्याची खूण अगदी साधी होती. वस्तू जागची हलली आहे काय, हे पाहावे. तबक नोकराच्या हातांतून पाहुण्याच्या दारी पोहोचले असेल, तर ती भेट होय. खानाचा हात लगामावर आणि घोडा खुंट्याला असेल, तर तो शिष्टाचार होय. शब्दाकडे पाहून हा निर्णय होत नाही आणि शब्दाचेच भाषांतर करणाऱ्याला तो पाहुण्यापर्यंत पोहोचविताही येत नाही.

मोरिएचा विनोद आणि त्याची किंमत

शब्दशः भाषांतराला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली ती जेम्स मोरिए याने. तो १८०८-०९ मध्ये सर हारफोर्ड जोन्सच्या शिष्टमंडळाबरोबर आणि त्यानंतर सर गोर औसलीबरोबर इराणात होता. १८०९-१० मध्ये लंडनला आलेला इराणी वकील मिर्झा अबुल हसन खान याच्याही तो सहवासात होता. मोरिएला व्यवहारातील फार्सी उत्तम अवगत होती. १८२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हाजी बाबा ऑफ इस्फहान’ या कादंबरीत त्याने पात्रांच्या तोंडी इराणी शिष्टवचने जशीच्या तशी इंग्रजीत घातली. ‘आपली सावली कधीही कमी न होवो’ हे त्यांतील विशेष गाजलेले वचन होय. ते पुढे इंग्रजीत थट्टेखोर शुभेच्छा म्हणून रूढ झाले.

फार्सीत ‘साये-ये शोमा कम नशवद’ असे म्हणणाऱ्याच्या मनात सावलीचे चित्र उभे राहत नाही. ‘कृपा असू द्यावी’ असे मराठीत पत्राच्या शेवटी लिहिणारा जितका कृपेचा विचार करतो, तितकाच तो सावलीचा करतो. मोठ्या माणसाच्या आश्रयाला सावली म्हणण्याची पद्धत तर मराठीतही आहे. मोरिएने मात्र झिजून गेलेले नाणे पुन्हा पाडून ते नवे कोरे असल्यासारखे इंग्रज वाचकासमोर ठेवले. त्यातून विनोद साधला, पण इराणी माणूस ऊठसूट भव्य, अर्थशून्य आणि अप्रामाणिक बोलतो अशी प्रतिमाही तयार झाली. विनोदकार म्हणून मोरिएला दोष देता येत नाही. अडचण अशी की, हे पुस्तक पुढे कादंबरी म्हणून वाचले जाण्याऐवजी इराणी स्वभावाचे प्रमाणपत्र म्हणून वाचले गेले. १८९५ च्या एका आवृत्तीला लॉर्ड कर्झनने प्रस्तावना लिहिली. कर्झनसारखा राजकारणी ते पुस्तक इराणी लोकस्वभावाचे चित्र म्हणून पुढे करतो, तेव्हा भाषांतराच्या एका पद्धतीचे रूपांतर राजकीय मतात झालेले असते.

या कादंबरीचा फार्सीतील प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. मिर्झा हबीब इस्फहानी याने इस्तंबूल येथे फ्रेंचवरून तिचे फार्सी भाषांतर केले आणि ते १९०५ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. भाषांतराचे श्रेय दीर्घकाळ दुसऱ्याच व्यक्तीकडे जात होते. फार्सीत आल्याबरोबर सावली, डोळे, पायधूळ ही सारी वचने आपल्या घरी परतली आणि त्यांच्यातील विचित्रपणा नाहीसा झाला. इंग्रज वाचक ज्या वाक्यांवर हसला होता, ती इराणी वाचकाला नित्याची वाटली. लाचखाऊ अधिकारी आणि ढोंगी वैदू यांच्यावरील उपहास मात्र टिकला, आणि घटनात्मक चळवळीच्या त्या काळात तो आवडीने वाचला गेला. कोणता विनोद इराणी समाजावर होता आणि कोणता केवळ शब्दशः भाषांतरातून निघाला होता, याची ही आपोआप झालेली चाचणीच म्हणावी लागेल.

‘काबेल नदारद’ : एका व्यवहाराची फोड

विसाव्या शतकात भाषांतराचा प्रश्न दरबारातून रस्त्यावर आला. परदेशी पाहुणा तेहरानमध्ये टॅक्सीतून उतरतो आणि भाडे विचारतो. चालक म्हणतो, ‘काबेल नदारद’. शब्दार्थ असा की, ‘हे आपल्या योग्यतेचे नाही’, म्हणजे आपल्यासारख्याकडून घ्यावे इतके ते मोलाचे नाही. सोबतच्या मित्राने याचे इंग्रजी ‘इट्स नथिंग’ असे केले, तर पाहुण्याला भाडे माफ झाले असे वाटेल आणि आभार मानून तो चालू लागेल. चालक त्याच्यामागे धावेल, आणि पाहुण्याला वाटेल की या माणसाने शब्द फिरविला. येथे दोघेही आपापल्या भाषेत प्रामाणिक आहेत.

हा व्यवहार साधारणपणे तीन फेऱ्यांचा असतो. पहिल्या फेरीत चालक ‘काबेल नदारद’ म्हणतो. पाहुण्याने ‘ख्वाहेश मीकोनम’, म्हणजे ‘विनंती करतो’, असे म्हणून रक्कम पुन्हा विचारावी. दुसऱ्या फेरीत चालक कदाचित ‘आपण आमचे पाहुणे आहात’ असे म्हणेल. पाहुण्याने पुन्हा आग्रह धरावा आणि पाकीट हातात घ्यावे. तिसऱ्या फेरीत चालक आकडा सांगतो. काही वेळा पहिल्या फेरीनंतरच आकडा येतो. घाईच्या रस्त्यावर सारे दोन वाक्यांत आटोपते. म्हणून दुभाष्याने इंग्रजीत सांगावयाचे ते असे : ‘तो सौजन्याने बोलतो आहे, तुम्ही आभार मानून रक्कम पुन्हा विचारा.’ यात मूळ वाक्यातील एकही शब्द नाही, तरी पाहुण्यापर्यंत अर्थ पोहोचविणारे भाषांतर हेच आहे.

क्वचित देणे खरेही असते. एखादा दुकानदार परदेशी पाहुण्याकडून चहाचे किंवा मूठभर पिस्त्यांचे पैसे खरोखरच घेत नाही. अशा वेळी तिसऱ्या आग्रहानंतरही आकडा येत नाही. पुढे केलेली नोट तो हाताने परत सारतो, वस्तू बांधून पाहुण्याच्या हाती देतो आणि विषय बदलतो. येथेही खूण शब्दांत नसून वस्तूच्या हालचालीत आहे. घोड्याच्या आणि तबकाच्या बाबतीत होती तीच. यापुढे पाहुण्याने आग्रह चालू ठेवला, तर तो दुकानदाराची देण्याची ऐपत नाकारतो असे होते. तेथे थांबून भेट स्वीकारावी आणि पुढे केव्हातरी परतफेड करावी, हे उचित.

उंबरठ्यावरचे निमंत्रण

जेवणाच्या निमंत्रणाचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तेथे आकडा येऊन व्यवहार मिटत नाही. घरापर्यंत सोडावयास आलेल्या परिचिताला यजमान दारातून म्हणतो, ‘बेफर्माईद, शाम दर खेदमत बाशीम’, म्हणजे ‘आत यावे, रात्रीच्या जेवणाला आपल्या सेवेत असू’. परिचित म्हणतो, ‘मोझाहेम नमीशवम’, म्हणजे ‘आपणांस त्रास देत नाही’. यजमान आणखी एकदा आग्रह करतो, परिचित आणखी एकदा नकार देतो आणि दोघे निरोप घेतात. हे निमंत्रण खोटे होते असे म्हणता येत नाही. निरोपाला मान देण्याचा तो एक प्रकार होता आणि त्याचे इंग्रजी भाषांतर ‘आज रात्री जेवायला या’ असे नसून ‘आपली सोबत आवडली, आता भेटू’ असे व्हावयास हवे. मराठीत ‘या एकदा सवडीने घरी’ असे म्हणून निरोप घेणाऱ्यास हे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा दिखाऊ आणि खऱ्या निमंत्रणांतील भेद झोहरे एस्लामी यांनी २००५ साली फार्सी आणि इंग्रजी निमंत्रणांच्या तुलनेतून अभ्यासला. इंग्रजीत आग्रह पुन्हा केला म्हणजे निमंत्रण खरे, असा सामान्य संकेत आहे. फार्सीत तो लागू पडत नाही, कारण दिखाऊ निमंत्रणातही आग्रह पुन्हा होतोच. उपयोगी पडतो तो तपशील. वार आणि वेळ ठरते काय, आणखी कोण येणार हे सांगितले जाते काय, नकारानंतर नकाराचे कारण विचारून ते दूर करण्याचा प्रयत्न होतो काय, या गोष्टी पाहाव्यात. ‘शनिवारी रात्री आठ वाजता, मुलांनाही आणा’ हे निमंत्रण आहे. दार अर्धवट धरून उच्चारलेले ‘बेफर्माईद’ हा निरोप आहे.

इराणी लोकांनाही हा भेद उमजावा लागतो आणि त्यात त्यांचीही फसगत होते, हे त्यांच्याच भाषेवरून दिसते. तेहरानच्या दक्षिणेस रेय येथे शाह अब्दुल अझीम यांचा दर्गा आहे. तेथील रहिवासी, दर्शन आटोपून घाईने तेहरानला परतणाऱ्या यात्रेकरूला, तो थांबणार नाही हे ठाऊक असताना मुक्कामाचा आग्रह करतात, अशी समजूत आहे. त्यावरून पोकळ आग्रहाला ‘शाह अब्दुल अझीमी तआरोफ’ असे नाव पडले. दुसरी म्हण ‘तआरोफ आमद-नयामद दारद’ अशी आहे. तआरोफ केला तर समोरचा तो स्वीकारीलही, असा तिचा मथितार्थ. देऊ करणाऱ्याच्या अंगावर जोखीम असते, हे ही म्हण मान्य करते. ‘तआरोफ नमीकोनम’, म्हणजे ‘मी तआरोफ करीत नाही’, हे वाक्यही पुष्कळदा तआरोफचाच भाग असते. त्यामुळे ते ऐकताच दुभाष्याने निश्चिंत होऊ नये.

अभ्यासकांची दृष्टी आणि जुना ग्रह

मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बीमन यांनी १९८६ च्या आपल्या ग्रंथात तआरोफचे वर्णन स्वतःकडे खालची बाजू घेण्याची स्पर्धा असे केले. दारातून आधी कोणी जावे यावरून होणारी ‘बेफर्माईद’ची झटापट हे त्या स्पर्धेचे नित्य दिसणारे रूप होय. सोफिया कुटलाकी यांनी २००२ मधील निबंधात याच्या पुढे जाऊन मांडले की, आग्रहाने पाहुण्यावर दडपण येते हे पाश्चात्त्य शिष्टाचारशास्त्राचे गृहीतक येथे गैरलागू आहे. इराणी माणसाच्या दृष्टीने आग्रह न करणे हीच उणीव ठरते, कारण त्यात पाहुण्याची ‘शख्सियत’ आणि त्याला देय असलेला ‘एहतेराम’ दुर्लक्षिला जातो. काजारकालीन खानाच्या ‘पेशकशे शोमा’ला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. वस्तू राखून मान देण्याच्या त्या वाक्यात कोणतीही लबाडी नव्हती.

तरीही जुना ग्रह गेलेला नाही. २००६ साली, इराणच्या अणुकार्यक्रमावरील वाद तापलेला असताना, न्यूयॉर्कच्या एका प्रमुख दैनिकाने तआरोफवर लेख प्रसिद्ध केला आणि त्याच्या शीर्षकात मनातले दडवून बोलण्याच्या कलेचा उल्लेख होता. घरगुती शिष्टाचारावरून राज्याच्या वाटाघाटी वाचण्याचा हा प्रकार मोरिएच्या पुस्तकावरून मत बनविणाऱ्यांच्याच जातीचा आहे. तहाचा मसुदा कलमवार लिहिला जातो, त्यावर मुद्रा उमटतात आणि तो दोन भाषांत ताडून पाहिला जातो. माल्कमने १८०१ च्या जानेवारीत इराणशी केलेले करारही असेच लेखी होते. तबेल्यात घोड्यावरून ‘पेशकशे शोमा’ म्हणणारा खान तहाच्या कलमात तोच घोडा त्याच शब्दाने लिहून देत नसे. तेथे संख्या, मुदत आणि मोबदला यांची भाषा सुरू होई आणि ती समजण्यास मुन्शीने शिकविलेली दफ्तरी फार्सी पुरेशी होती.